साडेनऊ म्हणजे साडेनऊ, पण गोष्ट कुणाची ते तू सांग

*मावशी, नमस्कार.*

*मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. नाव बदलून ईशान म्हणते. आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. सासूबाई सोबत असतात. मी ऑफिसातून सातला येते, हे सव्वानऊला. शाळा नऊला असते, सव्वातीनला घरी येतो, जेवतो, आजीजवळ झोपतो ते सहालाच उठतो.*

*मी आले की गृहपाठ. मुलांना पर्याय द्यावेत असं सगळीकडे सांगतात म्हणून मी विचारते, “आता बसू या का अभ्यासाला?” तो नाही म्हणतो. मग पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं असं करत करत पुस्तक उघडायला साडेआठ होतात आणि दोन पानांना दहा वाजतात. मग बाबांशी मस्ती, मग पाणी, शू, भूक, गोष्ट. झोपेपर्यंत अकरा. सकाळी सातला उठवताना रडारड. मी ओरडते, मग वाईट वाटतं, मग “बरं, आजच्या दिवस” म्हणून मोबाइल देते. सासूबाई म्हणतात, लहान आहे, राहू दे. माझं नेमकं कुठे चुकतंय?*

*— दमलेली आई*

अगं, तुझ्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. “सहालाच उठतो.” तिथूनच सुरुवात करू. ती जागा सुटली तर पुढचं काही केलंस तरी उपयोग होणार नाही.

सात वर्षांचं मूल संध्याकाळी सहाला झोपून उठलं की साडेनऊला त्याला झोप येतच नाही. जागेपणाचे तास साठत जातात तसा झोपेचा भार वाढतो, आणि ईशानचा तो भार दुपारी दीड-दोन तासांत उतरून जातो. रात्री तू त्याला आडवा करतेस तेव्हा तो खरोखर टक्क जागा असतो. त्याचं पाणी, शू, भूक ही सगळी नाटकं नसतात. जागं माणूस अंधारात पडून काय करणार? पण रात्री अकराला झोपून सकाळी सातला उठायचं म्हणजे आठच तास होतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. तुझा हिशेब दुपारच्या झोपेने जेमतेम भरतोय, आणि ती भरपाईच रात्रीची झोप मोडतेय. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं सांगितलं. तुमची शाळा नऊची आहे, म्हणजे सकाळची ती सवलत तुझ्या हातात आलेली आहे. ती दुपारी खर्च होऊ द्यायची नाही.

तेव्हा पहिलं काम सासूबाईंशी बोलणं. “तुम्ही त्याला झोपवता म्हणून तो रात्री जागतो” असं म्हणालीस तर बोलणं तिथेच संपेल. त्यांनाही दुपारी पाठ टेकायची असते आणि नातू कुशीत आला की घर शांत राहतं. त्यांना असं सांग: “आई, तुम्ही चारपर्यंत पडा. तेवढा वेळ ईशान तुमच्या शेजारी बसून चित्रं काढेल नाहीतर ठोकळे जोडेल. साडेचारला त्याला खाली कंपाउंडमध्ये सोडायचं.” डोळा लागलाच तर अर्ध्या तासात उठवायचं, पण साडेचारनंतर झोप नाही. पहिले पाच-सहा दिवस संध्याकाळी तो किरकिर करेल, सातला पेंगेल. तेव्हा त्याला टीव्हीसमोर बसवू नका, त्याच्या अंगावर पाणी घाला. आंघोळीने मूल ताजं होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. “आता बसू या का अभ्यासाला?” हा पर्याय नव्हे, हा होकार-नकाराचा प्रश्न आहे. तू विचारलंस, त्याने खरं उत्तर दिलं, आणि तू ते मानलं नाहीस. रोज असं होतं. त्यामुळे त्याला दोन गोष्टी कळल्या आहेत: आई विचारते पण उत्तर घेत नाही, आणि नाही म्हटल्यावर पाच मिनिटं मिळतात. पर्याय द्यायचा तो ‘कसं’ यातला. ‘करायचं का’ आणि ‘कधी’ हे तू ठरवायचं, आणि ते सांगायचं, विचारायचं नाही. दोनच पर्याय दे, आणि दोन्ही तुला मनापासून चालणारे हवेत. “अभ्यास करतोस की मोबाइल कायमचा बंद करू?” हाही पर्याय नव्हे, ही धमकी आहे. मुलांना फरक लगेच कळतो.

तुझ्या घरात हे कसं वाजेल ते सांगते. सातला आलीस, हातपाय धुतलेस, चहा घेतलास. सात वीसला म्हण: “अभ्यासाची वेळ झाली. टेबलावर बसतोस की खाली चटईवर?” तो म्हणेल, “मला नाही करायचा.” तू म्हणायचं, “टेबल की चटई?” एवढंच. का करायचा, शाळेत काय म्हणतील, शेजारचा मुलगा कसा करतो, हे काही नाही. मनात पाचपर्यंत मोज. तरी बोलला नाही तर, “बरं, आज मी निवडते. चटई.” आणि चटई अंथर. उद्या पुन्हा त्याला विचारायचं, आजच्या रागाचा वचपा काढायचा नाही. बसला की दुसरा पर्याय: “मराठी आधी की गणित आधी?” तिसरा देऊ नकोस. वही कुठली, पेन्सिल कुठली, पंखा एकवर की दोनवर असे दहा प्रश्न विचारले की मूल दमतं, आणि दमलेलं मूल सगळ्यालाच नाही म्हणतं. मी अशा आया पाहिल्या आहेत, ज्यांनी पर्यायांचा इतका मारा केला की मूल शेवटी रडून म्हणालं, “तूच सांग ना!”

यापुढचा भाग या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबून वाच. तुला वाटतंय की गृहपाठाचं भांडण आणि झोपेचं भांडण ही दोन भांडणं आहेत. ईशानसाठी ते एकच आहे. गृहपाठ जितका लांबतो तितकी झोप लांबते, बाबा घरी येतात, घर जागं असतं, आणि आई पूर्ण वेळ त्याच्या शेजारी बसलेली असते. दिवसभर न दिसलेली आई तीन तास मिळवायचा याहून सोपा मार्ग त्याच्याकडे नाही. तो लबाड आहे म्हणून असं करतो असं मी म्हणत नाही. त्याने हे ठरवलेलंही नाही. पण गृहपाठ रेंगाळला की त्याच्या पदरात काहीतरी चांगलं पडतं, आणि जिथे पडतं तिथे मूल पुन्हा जातं.

म्हणून दोन्हींमधला धागा तोड. गृहपाठाला वीस मिनिटं. मोबाइलचा गजर नको, नाहीतर मोबाइल समोर येतो. स्वयंपाकघरातला चावीचा टायमर किंवा भिंतीवरचं घड्याळ पुरे. “मोठा काटा आठवर आला की वही बंद.” तू शेजारी बसून मेथी निवड, कपड्यांच्या घड्या घाल, पण त्याच्या वहीत वाकू नकोस. अडला तर सांग, चुकलेलं खोडू नकोस. वीस मिनिटं झाली की पान अर्धं असलं तरी वही मिटायची. त्याच्या डायरीत एक ओळ लिही: “आज वीस मिनिटं बसून इतकं झालं,” आणि सही कर. त्यानंतर रात्री नऊला, दहाला दप्तर उघडायचं नाही. तो रडून म्हणाला, “बाई ओरडतील, आता करतो,” तरी नाही. हे तुला फार जड जाईल, मला कल्पना आहे. पण नऊला वही उघडू दिलीस, तर वेळ पुन्हा त्याच्या हातात गेली.

तो वीस मिनिटं नुसता बसला तर? बसू दे. त्या वेळात टीव्ही नाही, खेळ नाही, गप्पा नाहीत. कोरं पान दुसऱ्या दिवशी बाईंसमोर जाईल आणि त्याचं उत्तर तो देईल. त्याआधी तू बाईंना एकदा भेट आणि सांग की पुढचे तीन आठवडे आम्ही वीस मिनिटांची शिस्त लावतोय, डायरीत लिहून पाठवू. बहुतेक शिक्षिका समजून घेतात. आणि समजत नसतील तर हेही बोलता येईल की केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलं आहे, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. भांडायला जाऊ नकोस. आपण मागतोय ते अवाजवी नाही एवढं मनाशी असू दे.

पावणेआठ ते जेवणापर्यंतचा वेळ मग मोकळा मिळेल. त्यातली पंधरा मिनिटं तू त्याच्यासोबत खेळ, फोन लांब ठेवून. गृहपाठ झाला म्हणून बक्षीस असं सांगू नकोस. झाला असो, नसो, ही पंधरा मिनिटं ठरलेली. रेंगाळून मिळणारी आई अशी सरळ मिळाली, तर रेंगाळण्याची निम्मी गरज जाते.

रात्रीचं. उद्याच साडेनऊला दिवा मालवशील तर तो दीड तास जागा पडेल आणि तू हरशील. आत्ता तो अकराला झोपतो ना? मग दुपारची झोप बंद झाल्यावर पहिल्या तीन रात्री दिवा साडेदहाला मालव. पुढच्या तीन रात्री सव्वादहा. असं तीन-तीन रात्रींनी पाव तास मागे आणत गेलीस की बारा रात्रींनंतर साडेनऊवर येशील. सकाळी उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून सातच, आणि रविवारीही साडेसातच्या पुढे नाही. रविवारी दहापर्यंत झोपू दिलं की रविवारची रात्र गेलीच म्हणून समज. कॅलेंडरवर रोज एवढंच लिही: दिवा कधी मालवला, झोपला कधी. वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागत असेल तर बरोबर चाललंय. पडल्या पडल्या दोन मिनिटांत गाढ झोपत असेल तर झोप अजून कमी पडतेय. पाऊण तास टक्क जागा असेल तर घाई झाली, त्याच वेळेवर आणखी तीन रात्री थांब.

दिवा मालवण्याच्या अर्धा तास आधीचा क्रम रोज तोच हवा: शू, दात, कपडे, पाणी, गोष्ट. घरातला मोठा दिवा बंद, मोबाइल-टीव्ही बंद. उजेड डोळ्यांवर पडत राहिला की मुलांची झोप आणखी लांबते. सासूबाईंची मालिका बाहेर सुरू असणार. ती बंद करायला लावू नकोस, पण आवाज कमी आणि बेडरूमचं दार लोटलेलं, एवढं त्यांच्याशी आधी ठरव. इथे ईशानला पर्याय दे: “आधी दात की आधी कपडे?” आणि “आज गोष्ट बाबांची की आजीची?” किती वाजता झोपायचं, हे मात्र विचारायचं नाही.

ईशानचे बाबा सव्वानऊला येतात आणि मस्ती सुरू होते. बापाला मूल दिवसातून तेवढंच मिळतं, ते हिरावून घेऊ नकोस, पण त्याचं रूप बदल. सव्वानऊला आले, हात धुतले, की थेट गोष्टीला. साडेनऊची वेळ लागेपर्यंत हे त्यांच्या अंगवळणी पडेल. गाडी रखडून दहाला आले तर अंधारात जाऊन डोक्यावरून हात फिरवायचा, उठवायचं नाही. त्याऐवजी सकाळी शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडायला ते जाऊ शकतील का, विचारून बघ. दहा मिनिटांचा रस्ता असला तरी मुलाच्या खूप गप्पा होतात.

दिवा मालवल्यानंतर जे पाणी, शू, भूक सुरू होतं त्यासाठी एक साधा उपाय आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक फ्रिमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९मध्ये तो मांडला. एका पुठ्ठ्याचं कार्ड कर, ईशानकडूनच रंगवून घे. रोज रात्री ते त्याच्या उशीखाली असेल. ते दिलं की एकदा बाहेर येता येतं: पाणी, शू, आईला मिठी, काहीही एक, दोन-तीन मिनिटांत आटपेल असं. कार्ड तुझ्याकडे जमा. त्यानंतर आला तर एक अक्षर न बोलता हात धरून परत अंथरुणावर. हे कार्ड मला फार आवडतं, कारण त्यात मुलाला खरीखुरी निवड आहे. कधी वापरायचं ते त्याचं तो ठरवतो. पुष्कळ मुलं “आत्ता नको, नंतर लागेल” म्हणून कार्ड जपून ठेवतात आणि ते हातात धरूनच झोपी जातात.

तिसऱ्या-चौथ्या रात्रीबद्दल मात्र आधीच सांगून ठेवते. पहिल्या दोन रात्री नवलाईत जातील. मग एका रात्री तो आजवर रडला नसेल इतका रडेल, लाथा झाडेल, “तू मला आवडत नाहीस” म्हणेल. तुला वाटेल, उपाय उलटला. तसं नसतं. जे मागून आजवर मिळत होतं ते मिळेनासं झालं की मूल आधी जोर वाढवून बघतं, मगच सोडतं. मंडईत बघ. जो भाजीवाला एकदा तरी पाच रुपये उतरवतो, त्याच्याशी गिऱ्हाईक रोज घासाघीस करतं. ज्याचा भाव कधीच उतरत नाही, त्याच्याशी दोन दिवसांत कुणी हुज्जत घालत नाही. सर्वांत जास्त घासाघीस कुठे होते? जिथे भाव कधी उतरतो, कधी उतरत नाही तिथे. तुझं “बरं, आजच्या दिवस” हे तसंच आहे. ते आठवड्यातून एकदाच होत असेल, पण ते कुठल्या रात्री होईल हे ठाऊक नसल्यामुळे त्याला सातही रात्री प्रयत्न करावा लागतो. आणि चौथ्या रात्री पाऊण तास रडल्यावर तू मोबाइल दिलास तर तो शिकेल की पाऊण तास रडावं लागतं.

त्या रात्री करायचं काय? त्याच्यापासून पळू नकोस. दाराशी बस, तुझा आवाज त्याच्या आवाजापेक्षा खाली ठेव, आणि एकच वाक्य: “झोपायची वेळ झाली. सकाळी बोलू.” चार-पाच मिनिटांनी पुन्हा तेच. समजावणं, कारणं देणं, बाबांना हाक मारणं, हे सगळं त्याला आणखी खेचायला दोरी देणं आहे. खरंच घाबरला असेल तर ते आवाजावरून कळतं, चिकटून येतो, अंग थरथरतं. तेव्हा जवळ घे, छोटा दिवा लाव, पण अंथरूण तेच आणि मोबाइल नाही. आणि त्या रात्री सासूबाई म्हणतील, “अगं, लेकरू रडतंय.” त्यांना रविवारी दुपारीच सांगून ठेव की मंगळवार-बुधवारच्या सुमाराला असं होईल, दोन-तीन रात्री टिकेल, आणि तेव्हा मला तुमची मदत हवी आहे. आधीपासून ठाऊक असलेलं रडणं आजीला सोसवतं.

ओरडलीस तर? ओरडशील, कधीतरी. सकाळी सांग, “काल मी ओरडले ते चुकलं.” पण त्या चुकीची भरपाई वेळ वाढवून देऊ नकोस. तुझी माफी वेगळी, त्याची झोपेची वेळ वेगळी. आजवर या दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या, म्हणून तुझ्या अपराधी वाटण्याची किंमत मोबाइलने चुकवली गेली.

दोन खुणा मात्र शिस्तीने सुटणार नाहीत. तो बहुतेक रात्री घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, नऊ-दहा तास झोपूनही सकाळी मरगळलेला असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखव; टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. आणि दुपारची झोप थांबून, झोप पुरी होऊनही तो फक्त वाचायच्या-लिहायच्याच गृहपाठाला टाळत असेल, तोंडी सगळं येत असूनही ओळ वाचताना अडखळत असेल, तर हट्ट समजू नकोस, बाईंना विचार आणि तपासणी करून घे.

सुरुवात येत्या रविवारी सकाळी कर, रात्री नको. नाश्त्याला तिघांनी बसायचं, नवीन वेळ त्याला सांगायची, आणि कार्ड कुठल्या रंगाचं ते त्याला ठरवू द्यायचं. गणपतीत, लग्नाकार्यात वेळ पुढे जाईल, ती जाऊ दे. फक्त ते दुपारीच जाहीर कर, “आज आरतीमुळे साडेदहा.” रात्री रडून मिळालेलं साडेदहा आणि दुपारी आईने दिलेलं साडेदहा यात त्याला फरक कळतो. ताप असेल तर सगळं बाजूला ठेव, कुशीत घेऊन झोप. ताप उतरला की त्याच रात्री कार्ड पुन्हा उशीखाली.

— मावशी